तिसऱ्या पक्षाची वाट

कळंबखिंडीच्या चावडीत न्याययंत्र आलं, तेव्हा पहिलं भांडण झालं ते त्याचं तोंड कुणीकडं करायचं यावरून. वरच्या आळीकडं केलं तर खालची आळी रुसणार, खालच्या आळीकडं केलं तर वरची. शेवटी सुभेदार जोतिबांनी ते मधोमध मांडायला लावलं आणि तोंड दाराकडं केलं. दारात कुणाचंच घर नव्हतं. दोन्ही आळ्यांचं समाधान झालं.

वडूजहून उंब्रजकडं निघालं की डोंगर जरा अंग चोरतो, तिथं हे गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. आता नगरपंचायत झाली होती, पेठेत सिमेंटचा रस्ता आला होता, आणि रस्त्यापेक्षा लवकर तंटे वाढले होते. ओटा पुढं आला, पन्हाळीचं पाणी अंगणात पडलं, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दारात लागला. वडूजच्या कोर्टात जायला तंटा लहान पडायचा आणि घरात मिटवायला मोठा. पंच बसले की पंचांची जात निघायची, सोयरीक निघायची. जोतिबा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. फौजेत हयात गेलेली, मिशा पांढऱ्या पण ताठ. पंचांना कंटाळून त्यांनीच सांगलीच्या एका कंपनीकडून हे यंत्र मागवलं.

कपाटाएवढं राखाडी खोकं. समोर पडदा. डोक्यावर एक चकती, तिच्यात कान लपवलेले, आणि चकतीभोवती बारीक हिरव्या दिव्यांचं कडं. बोलणारा ज्या दिशेला बसला असेल, त्या दिशेचा दिवा लागायचा. कागदोपत्री नाव काहीतरी लांबलचक होतं. लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याचं ‘पंचोबा’ केलं आणि येता-जाता हात जोडू लागले.

पंचोबाची रीत सरळ होती. आधी दोन्ही पक्षांनी सही करायची, की याच्यापुढं बसायला आम्ही राजी आहोत. मग एकेकानं बोलायचं, दोघांना वेळ सारखा. एकजण लवकर आटोपला तरी उरलेला वेळ त्याचाच. तेवढा वेळ सगळे गप्प बसून राहायचे. ते ऐकायचं, ऐकलेलं पडद्यावर उमटवायचं, आणि बोललेल्याच भाषेत परत वाचून दाखवायचं: “असंच म्हणालात ना?” माणूस “व्हय” म्हणाला की नोंद पक्की. मग ते नावं पुसायचं. आडनाव, आळी, धंदा, जिच्यावरून माणसाची जात किंवा धर्म कळेल अशी प्रत्येक खूण पुसून तिथं ‘पहिला पक्ष’, ‘दुसरा पक्ष’ एवढंच ठेवायचं. टेप लावून काढलेले फोटो बघायचं, तालुक्यातल्या जुन्या तडजोडी चाळायचं, आणि तोडगा काढायचं. तोडगा निघाला की दोन्ही पक्षांची अदलाबदल करून सगळं पहिल्यापासून पुन्हा तोलायचं. पहिल्याचा ओटा दुसऱ्याचा असता तर? उत्तर बदललं, तर तोडगा रद्द, पुन्हा नव्यानं. नाही बदललं, तरच तो पडद्यावर यायचा. तोही हुकूम नव्हे. सगळ्या पक्षांनी मान्य केला आणि अध्यक्षांनी सही केली, तरच तो तडजोडनामा.

यंत्र जोडायला सांगलीहून उत्कर्षा नावाची इंजिनियर पोरगी आली होती. तिनं विचारलं होतं, “काका, पक्ष कुणाला धरायचं? अर्ज करणारा आणि ज्याच्यावर अर्ज तो, एवढेच?”

जोतिबा विचारात पडले. चावडीत बाया पायरीच्या खाली उभ्या राहतात. रोजंदारीची माणसं भिंतीला टेकून असतात. त्यांनी काही म्हटलं तर ते हवेत विरतं, कागदावर येत नाही. जन्मभर त्यांनी हे पाहिलं होतं.

“चावडीत जो बोलंल, तो पक्ष,” ते म्हणाले. “अर्ज असू दे न्हाईतर नसू दे. आनि नाव इचारायचं न्हाई कुनाला. नाव कळलं की समोरचा तिरका बघाय लागतो.”

“छान आहे नियम,” उत्कर्षा म्हणाली आणि तिनं तो तसाच यंत्रात घातला.

घरी जोतिबांची बायको रंगूबाई अंथरुणाला खिळून होती. संक्रांतीनंतर डावं अंग गेलं, वाचा गेली. घराला उंच पायऱ्या, आत अंधारी मधली खोली. तिला नुसतं कुशीवर वळवायचं तरी दोन माणसं लागत. शेजारची सुगराबी रोज येऊन हात लावायची. रंगूबाई भिंतीकडं बघत पडून राहायची. जिची जीभ आळीभर खेळायची, ती बाई. म्हणून जोतिबांनी बोळाच्या बाजूला, जमिनीलगत, खोली काढायला घेतली होती. खिडकी रस्त्यावर. येणारंजाणारं माणूस दिसेल, सकाळचं ऊन पायावर पडेल. पाऊस लागायच्या आत तिला तिथं न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिला वेगळा प्रकार झाला तो केरबाच्या वेळी. केरबाची पिठाची गिरण आणि अर्जुनाचं पंक्चरचं दुकान, भिंतीला भिंत. केरबाचा ओटा पुढं आलेला, अर्जुनाचा हवेचा पंप आडवा. चैत्रातली दुपार होती. दोघांचं बोलून झालं. उठायला लागले, तर पंचोबा म्हणाला,

“तिसऱ्या पक्षाचं म्हणणं ऐकत आहे. कृपया शांत राहा.”

त्याचा आवाज ना बाईचा, ना बाप्याचा. चकतीवरचा दिवा दाराच्या बाजूला लागला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात ऊन होतं. बाहेर एक कोंबडी माती उकरत होती, ती तेवढी थांबली.

दोघांना दिला तेवढाच वेळ यंत्रानं त्या उन्हाला दिला. मग वाचून दाखवलं:

“हितनं माझी वाट हाय. वाट मोकळी करा.” आणि दाराकडंच: “असंच म्हणालात ना?” थोडं थांबून: “नोंद झाली.”

“कोंबडीचा अर्ज हाय वाटतं,” केरबा म्हणाला, आणि चावडी हसली.

तोडगा आला: दोन दुकानांच्या मधे एक माणूस जाईल एवढी पट्टी मोकळी सोडावी. केरबानं तेवढा ओटा तोडावा, अर्जुनानं तेवढा पंप सरकवावा. पट्टी दोघांचीही नाही. जोतिबांना वाटलं, आता दोघं आरडाओरडा करणार. पण केरबानं पट्कन सही ठोकली.

“अर्जुनाला तर गेली न्हाई न्हवं जागा? मग बास.”

“आन मी काय म्हनतोय,” अर्जुना म्हणाला, “ह्येच्या बापाला गावली न्हाई, ह्येच समाधान.”

पुढं प्रत्येक जागेच्या तंट्यात तिसरा पक्ष येऊ लागला. दिवा दाराकडं लागायचा, चावडी गप्प बसायची, आणि शब्द थोडेफार तेच. वाट हाय. मोकळी करा. कुणाची पडवी हातभर मागं गेली, कुणाचा शेणाचा उकिरडा हलला, एका ठिकाणी तर नव्या भिंतीला खिंडार पाडलं. भांडणारे हसत घरी गेले. शेजाऱ्याला काही मिळालं नव्हतं. गावात इतका सलोखा कुणी पाहिला नव्हता. साताऱ्याहून एक साहेब येऊन कौतुक करून गेले.

जोतिबांना मात्र हिशेब लागेना. त्यांनी उत्कर्षाला बोलावून घेतलं. तिनं यंत्र उघडलं, साठवलेला आवाज कानाला लावून ऐकला, त्यांनाही ऐकवला. पंखा. कुणाचा तरी खोकला. लांब एक बस. बाकी काही नाही.

“काका, यात गूढ काही नाही,” ती म्हणाली. “हे मॉडेल माणसांच्या बोलण्यावर शिकलेलं असतं. नुसती शांतता दिली, की कधीकधी त्यातही ते शब्द ऐकतं. सवयीनं. जगभर होतं हे.”

“आनि दिवा दाराकडंच का?”

“वारा तिकडून येतो. पंख्याचा घुमारा असेल.”

“आसंल. पर रोज एकच म्हननं?”

तिनं पडद्यावरच्या नोंदी चाळल्या. “एकदा ऐकलेलं त्याच्या नोंदीत राहतं. तिथून तेच पुन्हा येत असेल.” तिनं कानांची धार कमी केली, हलक्या आवाजाला पक्ष धरायचं बंद केलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला गेली.

तिसरा पक्ष आला नाही. आणि पहिल्याच तंट्यात डोकी फुटली. पंचोबानं एका भावाकडची वीतभर जागा दुसऱ्याला सुचवली होती. तोडगा बरोबर होता, अदलाबदल करूनही तोच निघत होता. पण घेणारा हसला, आणि देणाऱ्यानं फावडं उचललं. दुसऱ्या आठवड्यात लोकच जोतिबांच्या दारात आले.

“सुभेदार, त्यो तिसरा हुता त्येच बरं हुतं बघा,” केरबा म्हणाला. “आमचं काय बी जाऊ दे, त्येला जाऊ दे. ह्यास्नी नको.”

“आरं, पर त्यो हाय कोन?”

“आपल्याला काय करायचंय? नाव इचारायचं न्हाई, तुमचाच नेम हाय की.”

फोन करून उत्कर्षाकडून यंत्राचे कान पूर्ववत करून घेतले. ती नाराज होती.

एका दुपारी जोतिबा केलेल्या तडजोडी पाळल्या जातात का ते बघत गावातून निघाले. ऊन डोक्यावर. पेठेत कुत्री सावलीला पडलेली. ओढ्याच्या काठच्या खिंडारापाशी उभं राहून त्यांनी सहज वर पाहिलं आणि जागीच थांबले. खिंडारातून पडवीच्या मागची मोकळी पट्टी दिसत होती. तिच्यातून केरबाचा तुटलेला ओटा. त्याच्यापुढं उकिरड्याची जागा. एकातून दुसरी, सुईच्या नाकांतून दोरा ओवावा तशी. फौजेत त्यांनी नकाशे पाहिले होते. वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या भांडणांतून गावाच्या पोटातून एक सरळ वाट पडली होती, ओढ्यापासून वर.

ती वाट अजून कुणी वापरत नव्हतं. तरी मधलं गवत आडवं झालेलं होतं. सगळं एकाच दिशेला. वरच्या.

ते वाटेनं चालत गेले. वाट बोळाशी येऊन थांबली. पुढं त्यांची अर्धी बांधलेली खोली होती.

याकूबचा अर्ज त्याच आठवड्यात आला. याकूब पत्र्याच्या पेट्या करायचा; बोळापलीकडं त्याचं घर, पुढं दुकान. त्याचं आणि जोतिबांचं कधी वाकडं नव्हतं. अर्ज द्यायला तो स्वतः आला नाही, त्याची बायको सुगराबी आली, आणि येताना रंगूबाईसाठी शेवया घेऊन आली.

“भावजी, राग मानू नका. वैनीसाठी खोली हाय, आमी नको म्हनू का? पर खोलीच्या कोपऱ्यामुळं पेट्यांचा छकडा वळंना. ह्ये म्हनले, सुभेदारालाच सांगतो. मी म्हनलं, तोंडानं सांगितलं तर ते घर पाडून देतील. पंचोबापुढं बसा, तुमची बी शोभा ऱ्हाईल.”

जोतिबा हसले. गावाला पंचोबापुढं बसवणारा माणूस स्वतः बसणार नाही, असं कसं म्हणायचं?

चावडी भरली होती. पायरीवरही माणसं. याकूब थोडक्यात बोलला: कोपरा मारून गोल केला की छकडा वळेल. जोतिबा म्हणाले, “मारतो कोपरा. मिटलं.” उरलेला वेळ सगळे गप्प बसले. माश्या फिरत होत्या. मग याकूब उठला, म्हणाला, “चला सुभेदार, च्या पिऊ.”

“तिसऱ्या पक्षाचं ऐकणं बाकी आहे,” पंचोबा म्हणाला.

जोतिबांनी दाराकडच्या दिव्याकडं पाहिलं. तो विझलेला होता.

दिवा त्यांच्याच बाजूला लागला होता. त्यांचा नव्हे, याकूबचाही नव्हे. दोघांच्या खुर्च्यांच्या मधला.

याकूब हळूच पलीकडं सरकला.

वेळ सरला. पंचोबानं वाचलं: “खोली असू द्या. दोन दारं ठेवा, समोरासमोर. कडी नको.”

“माझ्या खोलीतनं?” जोतिबांचा आवाज चढला. “बायको निजायची हाय तितं! कुनाची वाट? कवापास्नं?”

“प्रश्न तिसऱ्या पक्षाला विचारला आहे,” यंत्र म्हणालं. पुन्हा शांतता. “तिसरा पक्ष म्हणतो: घरं नव्हती तवापास्नं. असंच म्हणालात ना? नोंद झाली.”

मग पडद्यावर कारणं उमटू लागली, एकेक, कसलाही राग-लोभ नसलेली. या वाटेची वहिवाट गावानं याआधीच्या तडजोडनाम्यांत मान्य केली आहे. प्रत्येकावर समितीच्या अध्यक्षांची सही आहे. वाट या खोलीच्या जागेशी येते. खोली पाडल्यास दुसऱ्या पक्षाचं नुकसान मोठं. वाट बंद केल्यास तिसऱ्याचं. दोन दारांनी दोघांचं भागतं. पक्षांची अदलाबदल करून पाहिली. वाट दुसऱ्या पक्षाची आणि खोली तिसऱ्याची असती, तरी हाच तोडगा निघाला असता.

“मान्य करणं आपल्या इच्छेवर आहे,” पंचोबा म्हणाला. “तडजोड न झाल्यास बांधकाम आहे तसं ठेवून दिवाणी न्यायालयात जाता येईल.”

दिवाणी न्यायालय म्हणजे वर्षं. अंधारी खोली, भिंतीकडं तोंड.

मागून केरबा म्हणाला, खवचटपणे नव्हे, अगदी साध्या आवाजात: “आमचा वटा तोडलासा की, सुभेदार.”

जोतिबांनी सही केली.

खोली झाली. चुन्याचा वास गेला की रंगूबाईला तिथं आणलं. खिडकीतून ऊन तिच्या पायावर पडलं, तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि जोतिबांना वाटलं, दोन दारं तर दोन दारं. वारा खेळेल. तिची तब्येत खरंच सुधारली. ती रस्त्याकडं बघत पडायची. चेहऱ्यावर पूर्वीचं काहीतरी आलं, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखं.

दुपारी, उन्हं उभी झाली की, ओढ्याकडचं दार आपोआप उघडायचं. वाऱ्यानं. समोरचं दार मात्र हलायचं नाही.

ही गोष्ट जोतिबांच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले.

वारा असता, तर दुसरं दारही हललं असतं. कुणी जात असतं, तर तेही उघडलं असतं.

“सुगरा,” त्यांनी विचारलं, “दुपारी तू असतीस हितं. काय वेगळं वाटतं का?”

सुगराबीनं पदर सावरला. “वाटतं काय, भावजी. वैनी खुश असत्यात. मला मात्र त्या टायमाला बसवत न्हाई. बसाय जागा असून बी दाटी वाटती.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जोतिबा चावडीत गेले. कुणी नव्हतं. झाडलोट झालेली, फरशी ओली. त्यांनी यंत्र चालू केलं.

“वाट बंद करायची हाय,” ते म्हणाले. “तडजोड मोडायची. मी ओटे बांधून देतो सगळ्यास्नी, पदरच्या पैशानं. माझ्या खोलीला एकच दार पायजे, आनि त्याला कडी.”

यंत्रानं ते वाचून दाखवलं. “असंच म्हणालात ना?”

“व्हय.”

“तडजोड बदलायला सर्व पक्षांचं म्हणणं लागतं. तिसऱ्या पक्षाला वेळ देत आहे.”

चकतीवरचे दिवे फिरू लागले. दाराकडचा लागला, विझला. भिंतीकडचा. खुर्च्यांच्या मधला. सगळं कडं फिरून झालं. एकही दिवा थांबला नाही.

“तिसरा पक्ष गैरहजर,” पंचोबा म्हणाला.

जोतिबांनी दाराकडं वळून पाहिलं. “आजवर तर कायम हुता. कुटं गेला?”

“पक्षांचं नाव-गाव मी विचारत नाही. नियम आपला आहे.” मग, सारख्याच आवाजात: “या वाटेबाबत तिसऱ्या पक्षाचं आधीच नोंदवलेलं एक निवेदन आहे. आपल्या सहीनंतरचं. चावडीत तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून वाचलं गेलं नाही. वाचू?”

“वाचा.”

“आता वाट बुजवा. हरकत न्हाई. मी पोचलो.”

जोतिबा निघाले. पेठेतून न जाता वाटेनंच धावत सुटले, ती जवळची होती. केरबानं गिरणीतून हाक मारली. पायाखालचं गवत वरच्या बाजूला आडवं होतं, आणि त्यांच्या धावण्याला कुठंच अडलं नाही.

बोळात सुगराबी उभी होती. हातात ताटली. आत जायचं सोडून ती बाहेर उभी होती.

“काय झालं?”

“न्हाई,” ती म्हणाली. “आत बोलत्यात.”

“कोन बोलतंय?”

ती बाजूला झाली.

जोतिबा दाराशी आले. आवाज नव्हता. खोलीत ऊन होतं. रंगूबाई, जिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत, अंथरुणाच्या कडेला भिंतीशी सरकली होती. उरलेलं अर्धं अंथरूण मोकळं होतं, चादर नीट ओढलेली. डोक्यावरून पदर घेतलेला होता, कपाळापर्यंत. घरात मोठं माणूस येऊन बसलं की घेतात तसा.

चाहूल लागताच तिनं मान वळवली. नवऱ्याकडं पाहिलं. मग उजवा हात वर करून, हलकेच, तिनं त्यांना उंबऱ्यापाशीच थांबायची खूण केली.